डिग्रज ते तुंग: सात आठवड्यांच्या बाळाचा बाप, बाईक आणि न आठवणारा रस्ता

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नर्स आहे, म्हणजे आमच्या ओएचसीत, कारखान्याच्या आतल्या दवाखान्यात बसते. पट्टी, बीपी, डोळे तपासणं, असली कामं. हे प्रकरण ज्याचं आहे त्याने लिहायला परवानगी दिलीय, नाव मात्र देत नाही. सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे, वय तिशीच्या आत, आष्ट्याला राहतो, रोज बाईकने येऊन-जाऊन. आष्टा, तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी, पूल ओलांडून सांगली आणि मग कुपवाड, एका बाजूने तीसेक किलोमीटर होतात.

जानेवारीतली गोष्ट, म्हणजे ऐन ऊसतोडीचा सीझन. फर्स्ट शिफ्ट, सात ते तीन. सकाळी आल्याआल्या तो गुडघ्याची पट्टी बदलायला माझ्याकडे आला. आदल्या दिवशी घरी जाताना गाडी घसरली म्हणाला, साइडपट्टीवर खडी होती. गुडघा सोललेला, खांद्याला मुका मार, हेल्मेट होतं म्हणून डोकं सुटलं. मी पट्टी करता करता सहज विचारलं की दादा, समोर काय आलं होतं, तर म्हणाला काही नाही. रस्ता ओला होता का, नाही. कुणी कट मारला का, नाही. मग ब्रेक कधी दाबला? यावर तो थांबला आणि म्हणाला, "ब्रेक... सिस्टर, ब्रेक दाबल्याचं आठवत नाही."

माझे कान तिथे टवकारले. उजेड आहे, रस्ता कोरडा, जवळजवळ सरळ, समोर कुणी नाही, गाडी हळूहळू एका बाजूला गेली आणि ब्रेक लागलाच नाही. जागा माणूस रस्ता सोडून खाली जाताना काहीतरी करतोच, ब्रेक दाबतो नाहीतर हँडल ओढतो. काहीच केलं नसेल तर त्या क्षणी तो तिथे नव्हता असं धरायचं. मी विचारलं, पडायच्या आधीचं शेवटचं काय आठवतंय? तो म्हणाला डिग्रजमधून निघाल्याचं आठवतंय, तिथे एक ट्रॅक्टर वळत होता. आणि त्यानंतर? त्यानंतर थेट मातीत. मधलं दोन-तीन किलोमीटर कोरं.

"पण मी झोपलो नव्हतो सिस्टर, डोळे उघडे होते माझे."

हे वाक्य तो मनापासून म्हणाला आणि खोटं बोलत नव्हता. मायक्रोस्लीप म्हणजे एका सेकंदापासून पंधराएक सेकंदांपर्यंतची झोप, मेंदू परस्पर घेतो ती. डोळे अर्धे किंवा पूर्ण उघडे असू शकतात, हात हँडलवर असतात, फक्त समोर दिसतंय ते आत पोचत नाही. आणि इतकी छोटी झोप झाली की जागं झाल्यावर माणसाला आपण झोपलो होतो हे बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून "तुला डुलकी लागली का" हा प्रश्न काही कामाचा नाही, उत्तर नाहीच येणार. विचारायचं असतं ते मधलं काय गायब आहे ते. ताशी ५० ने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत पंचावन्न मीटर, आणि त्या पंचावन्न मीटरात डिग्रज-तुंग रस्त्यावर जानेवारीत मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असू शकते. तो डावीकडे मातीत गेला. चार हात उजवीकडे गेला असता तर समोरून येणाऱ्याखाली गेला असता.

पूर्ण दोन-तीन किलोमीटर तो झोपेत नव्हता हेही सांगते, नाहीतर कधीच पडला असता. त्या पट्ट्यात मेंदू जागा-झोपलेला-जागा असा चालू असतो, छोट्या छोट्या डुलक्या येऊन जातात, मधल्या जागेपणीचंही नीट आठवत नाही. शेवटची डुलकी जरा लांबली आणि नेमका रस्त्याला बारीक बाक होता, एवढंच.

मग मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि रात्रीचं विचारलं. दुसरं बाळ, सात आठवड्यांचं. पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी होती त्यामुळे याला रात्रीचं काही माहीतच नव्हतं, या वेळी बाळंतपण सासरीच झालं आणि सिझर झालं. सुरुवातीला वहिनींना वाकता-उठता येत नव्हतं म्हणून रात्री बाळ उचलून देणं, लंगोट बदलणं, ढेकर काढणं याच्याकडे आलं आणि ते पुढे तसंच राहिलं. चांगला बाप आहे, याचं मला कौतुकच आहे. "झोप किती होते?" तर म्हणे, "सहा-सात तास होते की, साडेदहाला पडतो, पाचला उठतो."

हा हिशोब सगळे नवे आईबाप असाच करतात, गादीवरचा वेळ मोजतात. मी त्याला आदल्या रात्रीचं घड्याळ लावून सांगायला लावलं आणि कागदावर मांडलं. साडेदहाला आडवा, पावणेअकराला झोप. बाराला बाळ उठलं, बारा चाळीसला परत झोप. सव्वादोनला उठलं, तीन वाजून पाचला झोप. चारला परत, चार पस्तीसला झोप, पाच दहाला गजर. सगळे तुकडे जोडले तर चार तास वीस मिनिटं. आणि सगळ्यात लांब तुकडा एक तास पस्तीस मिनिटं! झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, हलकी झोप, मग गाढ, मग स्वप्नांची. म्हणजे रात्रीत एकच चक्र पूर्ण होत होतं, बाकी प्रत्येक वेळी मधेच तुटायचं आणि परत पहिल्या पायरीपासून सुरू. आणि हे एका रात्रीचं नाही, सात आठवडे.

त्याने कागद बघितला आणि म्हणाला, "पण आता सवय झालीय. पहिले पंधरा दिवस फार जड गेलं, आता काही वाटत नाही." मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भीती वाटली ती या वाक्याची. २००३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, त्यात धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज रात्री सहाच तास झोपू दिलं होतं. लक्ष द्यायच्या चाचणीत ती रोज थोडी थोडी घसरत गेली, शेवटी सलग जागरण केलेल्या माणसाइतकी घसरली. पण "झोप येतेय का" असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलत नव्हतं, त्यांना वाटत होतं आपण बरे आहोत. म्हणजे सवय होते ती झोप येतेय हे वाटण्याची, झोप कमी पडण्याची सवय होत नाही. आणि त्या लोकांना सहा तास सलग मिळत होते, याला साडेचारही नाहीत, तेही तुकड्यात.

आता दुपारचंच का झालं? सकाळी साडेपाच-सहाला अंधारात निघतो तेव्हा काही झालं नाही, याचं त्याला नवल वाटत होतं. खरं तर सकाळचीही वेळ धोक्याचीच, पण तेव्हा थंडी, अंधार, पंचिंगची घाई यामुळे तो ताणलेला असतो. शिफ्ट सुटल्यावर साडेतीन-चारला निघतो, तेव्हा शरीराच्या घड्याळाचीच एक पेंग असते, दुपारी दोन ते चार-पाचच्या मधली. ती जेवण नाही केलं तरी येते, जेवण भरपूर झालं तर आणखी जड येते. त्यात काम संपलेलं असतं, मन सैल झालेलं असतं, सांगलीची गर्दी मागे पडलेली असते आणि पुढे सरळ कंटाळवाणा रस्ता. गर्दीत डुलकी सहसा येत नाही, गर्दी संपल्यावर येते. तो पडला तो नेमका डिग्रज सोडल्यानंतरच्या मोकळ्या पट्ट्यात.

आणि एक गोष्ट शेवटी निघाली, तीसुद्धा मी विचारलं म्हणून. मोठ्या मुलीची सर्दी त्याला लागली होती, त्याने दुपारी डब्यानंतर मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेतली होती. पाकीट खिशातच होतं, बघितलं तर क्लोरफेनिरामाइन. सर्दीच्या कित्येक गोळ्यांमध्ये हे असतं, नाक थांबतं पण झोप येते, आणि परिणाम बरेच तास राहतो. एरवी आठ तास झोपणाऱ्याला जरा सुस्ती आली असती. याच्या बाबतीत काठोकाठ भरलेल्या बादलीत आणखी तांब्याभर ओतल्यासारखं झालं. तेव्हा सर्दी, खाज, उलटी, खोकला यांचं कुठलंही औषध घेताना मेडिकलवाल्याला आधी विचारायचं की याने झोप येते का, मला गाडी चालवायचीय.

आता मागे जाऊन बघितलं तर खुणा आधीपासून होत्या. मी त्याला एकेक विचारत गेले आणि तो हो म्हणत गेला. तुंगच्या गतिरोधकावरून वेग कमी न करता गाडी उडाली, नेहमीचा गतिरोधक, तरी "अचानक आला". सांगलीत सिग्नल हिरवा झाला तरी हा उभाच, मागच्यांनी हॉर्न वाजवले. पेट्रोल टाकायचं ठरवून निघाला आणि पंप कधी गेला कळलं नाही. चौथ्या गिअरमध्ये गाडी हळू होऊन धडधडायला लागली तेव्हा लक्षात आलं. एकदा मान झटकन पुढे गेली आणि छातीत धस्स झालं. यातलं प्रत्येक त्याने घरी "लक्ष नव्हतं" म्हणून सोडून दिलं होतं.

इथे दोन पायऱ्या वेगळ्या ओळखायला पाहिजेत, त्यात लोकांचा घोळ होतो. जांभया, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणं, हेल्मेटची काच सारखी वर-खाली करावीशी वाटणं, डोळ्यावर झापड, विनाकारण चिडचिड, ही पहिली पायरी. झोप येतेय, अजून आली नाही, पुढचं थांबायचं ठिकाण शोधायचं. दुसरी पायरी म्हणजे तुकडा गायब होणं, मान पडणं, गाडी पांढऱ्या पट्टीवर किंवा साइडपट्टीवर गेल्यावर दचकणं, मनात रस्त्याशी संबंध नसलेलं काहीतरी चित्र तरळणं. ही दुसरी पायरी म्हणजे सूचना राहिली नाही, झोप येऊन गेलेली आहे आणि पुढची काही मिनिटांतच येणार आहे. तेव्हा "आता दहाच किलोमीटर राहिलेत" म्हणायचं नाही, दहा किलोमीटर फार असतात. पण थांबायचं तेही कडेला साइडपट्टीवर नाही, उसाच्या सीझनमध्ये तर अजिबात नाही. पंप, हॉटेल, चहाची टपरी, जिथे गाडी रस्त्यापासून आत घेता येईल तिथे.

कारमध्ये शेजारी बसलेल्याला हे चालवणाऱ्याच्या आधी दिसतं. पापण्या हळू मिटतात, बोलल्यावर उत्तर उशिरा किंवा भलतंच येतं, वेग उगाच कमी-जास्त होतो. बाईकवर मागे बसणाऱ्याला चेहरा दिसत नाही, त्याने गाडीची वळवळ आणि न बोलणं यावरून ओळखायचं. आणि मागे बसणाराच झोपेला आलेला असेल तर? हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या सुपरवायझरने लगेच सुचवलं की इस्लामपूरचा एकजण बाईकने आष्ट्यावरूनच जातो, याला मागे बसव. मी नाही म्हटलं. डुलकी लागलेला माणूस मागून सरळ खाली पडतो, धरलेला हात झोपेत सुटतोच. झोपाळलेल्या माणसाला बाईकवर पुढेही जागा नाही आणि मागेही नाही.

तो जागं राहायला काय काय करायचा? जॅकेटची चेन उघडून थंड वारा घ्यायचा, हेल्मेटमध्ये इअरफोन घालून गाणी, तोंडात सुपारी, तोंडावर पाणी. या सगळ्याने काही मिनिटं बरं वाटतं आणि त्या काही मिनिटांच्या भरवशावर माणूस पुढे निघतो, म्हणून मला ते वाईट वाटतं. इअरफोनने तर मागच्या गाडीचा आवाजही जातो.

ठरलं ते असं. पहिले काही दिवस गाडी बंद, आष्टा ते सांगली एसटी आणि पुढे वडाप, म्हणजे शेअरची गाडी. त्याला घरी पोचायला जास्त वेळ लागायला लागला, पण एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपता येतं. ओव्हरटाइमही बंद, त्यासाठी मी सुपरवायझर साहेबांशी बोलले, कारण ओव्हरटाइम म्हणजे तीनऐवजी सातला सुटणं आणि काळोखात उसाच्या ट्रॉल्यांमधून जाणं. साहेबांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं पण मशीनवरही हाच माणूस उभा असतो हे सांगितल्यावर लगेच ऐकलं.

घरचं मात्र फोनवर होण्यासारखं नव्हतं, म्हणून वहिनी बाळाला दाखवायला सांगलीला आल्या तेव्हा सासूबाईंसकट तिघांशी बोलले. मुद्दा एकच, रात्रीचा एक तुकडा प्रत्येकाला सलग मिळाला पाहिजे, निदान चारेक तास. दोघांनी प्रत्येक वेळी मिळून उठायचं यात प्रेम आहे पण दोघंही संपतात. मग रात्र वाटली. साडेनऊ ते दोन हा बाहेरच्या खोलीत दार लावून झोपणार, बाळ उठलं तर सासूबाई उचलून वहिनींकडे देणार, पाजून झालं की ढेकर सासूबाईच काढणार. दोननंतरची पाळी याची. वहिनी झोपायच्या आधी दूध काढून फ्रीजमध्ये ठेवणार, दोनच्या सुमाराचं पाजणं हा वाटी-चमच्याने करणार, म्हणजे वहिनींना साधारण पाऊणपासून साडेचारपर्यंत सलग मिळणार. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चालतं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्रीही तेवढं गार नसतं, तेव्हा फ्रीजच बरा. गरम करताना गॅसवर नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवून.

हे लगेच जमलं नाही. पहिल्या दोन-तीन रात्री वहिनी छाती दाटून दुखल्यामुळे तीनलाच उठल्या, मग थोडं दूध काढून परत झोपायला लागल्या आणि हळूहळू बसलं. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, आठवड्याभरात त्यांचं डोकं जड व्हायला लागलं, तेव्हा शनिवार-रविवारी नणंद येऊन राहायला लागली. एका माणसाची झोप वाचवताना ती दुसऱ्याच्या वाट्यातून काढली जाते, हे घरात उघड बोलायला हवं.

आणि वहिनींचं. सगळे नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल विचारत होते, तेव्हा मी त्यांना विचारलं की तुम्ही गाडी चालवता का. त्या म्हणाल्या, "रोज चालवते की, मोठीला बालवाडीत स्कूटीवरून सोडते, जवळच आहे." त्यांची झोप नवऱ्याहून वाईट होती, वर सिझर, वर रक्त कमी. जवळच आहे याने काही फरक पडत नाही, डुलकीला तीन सेकंद पुरतात आणि पुढे चार वर्षांची मुलगी उभी असते. त्यांना हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला पाठवलं, कारण बाळंतपणानंतर थकवा यातून येतो आणि लोक तो सगळा जागरणावर ढकलतात. सतत रडू येणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं हेही विचारलं, तसं काही नव्हतं, असतं तर डॉक्टरांकडे लगेच पाठवलं असतं. मुलीला सोडायचं काम आजोबांनी घेतलं, चालत. दहा आठवड्यांच्या डोसला बाळाला रिक्षाने न्यायचं ठरलं.

तो परत बाईकवर कधी आला? दिवस मोजून नाही ठरवलं. रोज सकाळी तो मला रात्रीचा सगळ्यात लांब तुकडा सांगायचा. तो आठवडाभर सलग चार तासांच्या वर राहिला, एकूण झोप सहाच्या आसपास आली, सर्दीची गोळी बंद झाली, आणि एसटीत बसल्याबसल्या झोप लागणं थांबलं, तेव्हा हो म्हटलं. एसटीची खूण मला फार उपयोगी वाटली. दिवसा गाडीत बसल्यावर पाच मिनिटांत मान पडत असेल तर तो माणूस चालवायलाही तयार नाही.

बाईक सुरू झाल्यावरही शिफ्ट सुटल्यावर लगेच निघायचं नाही, आधी डुलकी. हे त्याने पहिल्या दिवशी चुकवलं, चेंजिंग रूममध्ये बाकड्यावर तासभर झोपला, उठून तसाच निघाला आणि सांगलीपर्यंत डोकं सुन्न. लांब झोपलं की गाढ झोपेतून उठतो आणि ती गुंगी वीस-तीस मिनिटं राहते. मग असं बसवलं: सुटल्यावर आधी कडक कॉफी, चहापेक्षा कॉफीत कॅफीन जास्त असतं, लगेच पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे उठेपर्यंत ते कामाला लागतं. उठल्यावर तोंड धुऊन दहा मिनिटं चालायचं, मग किल्ली. झोप लागली नाही, नुसते डोळे मिटून पडला तरी चालतं. यातून घरी पोचण्यापुरता तासाभराचा जागेपणा मिळतो, रात्रीची भरपाई होत नाही. ज्या दिवशी बाळाने पूर्ण रात्र जागवली त्या दिवशी कॉफी-डुलकी नाही, सरळ एसटी. कॉफीही चारच्या पुढे नको, कारण नऊ-साडेनऊला झोपायचं असतं आणि ती अंगात तोवर अर्धी तरी राहते.

एक शंका मी उघडी ठेवली होती. वहिनी म्हणाल्या होत्या की तो घोरतो. घोरणं, मधेच श्वास अडकून दचकणं आणि पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगणं असं असेल तर ते बाळामुळे नाही, झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी. मी वहिनींना सांगितलं की सर्दी गेल्यावर दोन-चार रात्री ऐका. सर्दीबरोबर घोरणं गेलं, म्हणून तो विषय मिटला.

आता आमच्याकडे शिफ्ट लावताना मी एक विचारणा जोडलीय, घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ आहे का आणि घरी कसा जातोस. हो म्हणणाऱ्याला ओव्हरटाइम विचारून देतात आणि चेंजिंग रूमशेजारच्या खोलीत दोन गाद्या टाकल्यात. गजर लावल्याशिवाय तिथे झोपायचं नाही एवढाच नियम आहे.